१९९ की २००? किंमत ठरवण्याच्या मानसशास्त्रीय युक्त्या, त्यांचे पुरावे आणि एका मसाल्याच्या पाकिटाचा हिशेब

किंमत ठरवताना बहुतेक छोटे विक्रेते शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करतात. खर्च साधारण डोळ्यांसमोर ठेवायचा, शेजारचा काय भाव लावतो ते पाहायचे आणि मग शेवटी ९ लावून मोकळे व्हायचे, अशी ही पद्धत आहे. या लेखात क्रम उलटा धरला आहे. आधी नफ्याचे गणित, मग किमतीचा पट्टा, त्यानंतर शेवटचा आकडा, मग ग्राहकासमोर ठेवायची तुलनेची किंमत आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष चाचणी, असा तो क्रम आहे. शेवटच्या ९ चा परिणाम खरा आहे, पण तो कोठे मिळतो आणि कोठे मिळत नाही, हे आधीच्या पायऱ्या झाल्याशिवाय कळत नाही.

उदाहरणासाठी घरगुती गोड्या मसाल्याचे २५० ग्रॅमचे पाकीट घेऊ. सामान, भाजणी, दळणावळ, पाकीट आणि लेबल धरून एका पाकिटाचा खर्च १३० रुपये येतो, सध्याचा भाव १८५ रुपये आहे आणि महिन्याला सुमारे १२० पाकिटे जातात, असे समजा. आकडे उदाहरणापुरते आहेत; वाचकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

पहिली पायरी: प्रत्येक भावाला किती विक्री पुरेशी आहे ते काढा

१८५ रुपयांना एका पाकिटामागे ५५ रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला १२० पाकिटांवर ६,६०० रुपये. आता प्रत्येक पर्यायी भावाला हेच ६,६०० रुपये मिळवण्यासाठी किती पाकिटे विकावी लागतील, ते काढायचे. १९९ ला पाकिटामागे ६९ रुपये सुटतात, म्हणून ९६ पाकिटे पुरतात. २०० ला ७० रुपये सुटतात आणि ९५ पाकिटे लागतात. २१० ला ८० रुपये सुटतात आणि ८३ पाकिटांत तीच रक्कम उभी राहते.

या चार ओळींच्या गणितातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की २०० ऐवजी १९९ लावण्याची किंमत अगदी नगण्य आहे. एक रुपया सोडल्याची भरपाई होण्यासाठी विक्री जेमतेम दीड टक्क्याने वाढली तरी चालते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भाव २१० असताना केवळ ‘१९९ छान दिसते’ म्हणून खाली उतरायचे ठरवले, तर नफा ८० वरून ६९ वर येतो आणि तो भरून काढायला विक्री सुमारे १६ टक्क्यांनी वाढावी लागते. पुढे दिलेल्या पुराव्यांच्या आधारे एवढ्या वाढीची खात्री कोणी देऊ शकणार नाही. उलट १८५ वरून १९९ वर चढताना विक्री २० टक्क्यांनी घटली तरी नफा जागच्या जागी राहतो. म्हणून ९ च्या युक्तीचा खरा फायदा भाव खाली आणण्यात नसून, ग्राहकाला न बोचता पुढच्या शंभराच्या उंबरठ्याच्या अलीकडेपर्यंत वर जाण्यात आहे. माझ्या मते या विषयात याहून उपयोगी गोष्ट दुसरी नाही, आणि नेमकी हीच बहुतेक वेळा सुटते.

दुसरी पायरी: ९ कोठे चालतो ते पुराव्यावरून ठरवा

या विषयावरचे सर्वांत बोलके प्रयोग अमेरिकेत टपालाने पाठवल्या जाणाऱ्या कपड्यांच्या कॅटलॉगांवर झाले, कारण तेथे एकाच वेळी वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या किमतींच्या प्रती पाठवता येत होत्या. १९९६ मध्ये रॉबर्ट शिंडलर आणि थॉमस किबारियन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महिलांच्या कपड्यांच्या कॅटलॉगाच्या तीन आवृत्त्या प्रत्येकी ३०,००० ग्राहकांना गेल्या. एका आवृत्तीत किमती ००, दुसरीत ९९ आणि तिसरीत ८८ सेंटवर संपत होत्या. ९९ च्या आवृत्तीची विक्री ०० च्या तुलनेत सुमारे ८ टक्के अधिक झाली. ८८ ची मात्र ०० इतकीच राहिली. ८८ सेंटची किंमत ९९ पेक्षा कमी असूनही तिचा उपयोग झाला नाही. थोडक्यात, काही पैसे कमी केल्याने विक्री वाढते असे नाही. आकडा कसा वाचला जातो, यावर बरेच अवलंबून असते.

२००३ मध्ये एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी अशाच कॅटलॉगांमध्ये किंमत दोन्ही बाजूंना हलवून पाहिली. नेहमी ३९ डॉलरला मिळणारा एक ड्रेस काही ग्राहकांना ३४ डॉलरला आणि काहींना ४४ डॉलरला दाखवला. ३४ ला १६, ३९ ला २१ आणि ४४ ला १७ नग गेले. स्वस्त केलेला ड्रेस महाग ड्रेसपेक्षा कमी विकला गेला, हा निष्कर्ष तेव्हापासून सतत सांगितला जातो. मात्र आकडे किती लहान आहेत, तेही पाहावे. १६ आणि २१ यांतील फरक एकट्या योगायोगानेही पडू शकतो. या निष्कर्षाला वजन आले ते संशोधकांनी एकाहून अधिक वस्तूंवर आणि तीन वेगवेगळ्या प्रयोगांत तीच दिशा दाखवली म्हणून. त्यांना आणखी दोन बाबी आढळल्या. ग्राहकाला नेहमीची किंमत ठाऊक नसलेल्या नव्या वस्तूंवर ९ चा परिणाम अधिक होता, आणि किमतीशेजारी ‘सेल’ असे लिहिलेले असले की तो क्षीण होत होता. ‘सेल’ ही पाटीच ‘भाव चांगला आहे’ असे सांगत असेल, तर ९ ला सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

हे घडते कशामुळे? मनोज थॉमस आणि विकी मॉर्विट्झ यांनी २००५ मध्ये दाखवले की सगळे डावीकडच्या आकड्यावर अवलंबून असते. ३.०० ऐवजी २.९९ लिहिले की किंमत लक्षणीय कमी वाटते, पण ३.६० ऐवजी ३.५९ लिहिल्याने तसे होत नाही. आपण किंमत डावीकडून वाचायला लागतो आणि शेवटपर्यंत पोहोचण्याआधीच मनात तिचा अंदाज बांधून मोकळे होतो. अव्नर स्ट्रुलोव्ह-श्लेन यांनी अमेरिकी दुकानांतील विक्रीच्या मोठ्या नोंदींवरून काढलेला अंदाज तर थक्क करणारा आहे. ९९ वर संपणारी किंमत एका सेंटने वाढली, तर ग्राहक ती २० सेंटहून अधिक वाढल्यासारखे वागतात. दुकाने मात्र ती दीड ते तीन सेंटने वाढल्यासारखी समजून किमती लावतात. म्हणजे ज्यांचा हा व्यवसायच आहे, तेही या परिणामाचे मोल कमीच धरतात.

मसाल्याच्या पाकिटापुरता याचा अर्थ सरळ आहे. १९९ आणि २०० यांत फरक आहे, कारण एक शतक बदलते. १८९ आणि १९० यांत जवळपास काहीच मिळत नाही आणि २१० चे २०९ करण्यातही फारसे हशील नाही. १८५ ते १९९ या पट्ट्यात १८५ वर थांबण्याला मानसशास्त्राचा आधार नाही, कारण ग्राहकाच्या डोळ्यांत दोन्ही किमती ‘शंभर आणि काही’ अशाच उमटतात. डावा आकडा न बदलता १४ रुपये टेबलावर पडून आहेत.

आपल्याकडे या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो सुट्या पैशांमुळे निर्माण झाला आहे. बिस्किटाचा पुडा, शाम्पूची पुडी किंवा टपरीवरचा चहा यांना ५, १०, २० असे सरळ भाव असतात, कारण गल्ल्यात सुटे नसतात आणि रांग अडवून रुपया परत करणे कोणालाच परवडत नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. रुपया परत देण्याऐवजी हातात चॉकलेट ठेवण्याचा रिवाज त्याआधीपासूनचा. म्हणूनच पाकीटबंद वस्तूंचे उत्पादक १० रुपयांचा भाव तसाच ठेवून आतले ग्रॅम कमी करतात. यूपीआयमुळे ही अडचण कमी झाली असली, तरी रोखीने चालणाऱ्या स्टॉलवर १९९ लावायचे असेल तर रुपयाच्या नाण्यांची पिशवी सोबत ठेवावी. परत द्यायला रुपया नसला की ग्राहकाला तो भाव २०० चाच पडतो आणि वर थोडी चीडही येते.

तिसरी पायरी: एकाच वस्तूचे दोन प्रकार असतील तर थांबा

समजा, हाच मसाला पाकिटाबरोबर काचेच्या बरणीतही द्यायचा आहे. बरणीचा एकूण खर्च १४८ रुपये आहे आणि ती पाकिटापेक्षा ३६ रुपये महाग ठेवायची आहे. येथे १९९ अंगलट येऊ शकते.

जुन्हा किम, सेलिन मालकोच आणि जोसेफ गुडमन यांनी अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात कॉफीचा स्टॉल लावून हे तपासले. काही वेळा लहान कॉफी ९५ सेंट आणि मोठी १.२० डॉलर होती. काही वेळा लहान १ डॉलर आणि मोठी १.२५ डॉलर. दोन्ही वेळा फरक २५ सेंटचाच होता. तरीही पहिल्या मांडणीत मोठी कॉफी घेणारे २९ टक्के निघाले आणि दुसऱ्या, महाग मांडणीत ५६ टक्के. ९५ वरून १.२० वर जाताना १ डॉलरचा उंबरठा ओलांडावा लागतो आणि तो ओलांडताना फरक मोठा वाटतो.

आता आपले गणित. पाकीट २०० आणि बरणी २३६ असताना १०० ग्राहकांपैकी ४० जण बरणी घेतात असे समजले, तर ६० पाकिटांवर ४,२०० आणि ४० बरण्यांवर ३,५२०, असे ७,७२० रुपये सुटतात. पाकीट १९९ आणि बरणी २३५ केली, ग्राहक १०४ झाले, पण बरणी घेणारे २५ टक्क्यांवर आले, तर ७८ पाकिटांवर ५,३८२ आणि २६ बरण्यांवर २,२६२, मिळून ७,६४४ रुपये होतात. ग्राहक वाढले, नफा मात्र घटला. ही टक्केवारी केवळ गणित दाखवण्यासाठी धरली आहे. पण ज्याचा नफा महागड्या प्रकारातून येतो, त्याने स्वस्त प्रकाराला ९ लावण्याआधी हा हिशेब जरूर मांडावा. दोन्ही प्रकार उंबरठ्याच्या एकाच बाजूला ठेवणे हा सोपा उपाय आहे.

चौथी पायरी: तुलनेची किंमत खरी ठेवा

ग्राहकाला आधी एखादा मोठा आकडा दाखवला की त्यानंतरची किंमत त्याच्या तुलनेत लहान वाटते, याला किमतीचा अँकर म्हणतात. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४ मध्ये हा परिणाम मांडला. १९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी तो अमेरिकेतील टुसॉन शहरात घरांवर तपासला. त्यांनी इस्टेट एजंटांना एकच घर प्रत्यक्ष दाखवले, पण मागणीची किंमत कोणाला ६५,९०० डॉलर सांगितली तर कोणाला ८३,९०० डॉलर. घराची योग्य किंमत काय असावी, याविषयीचे त्यांचे अंदाज सांगितलेल्या किमतीकडे झुकले, आणि बहुतेक एजंटांनी आपण त्या आकड्याचा विचारच केला नाही असे सांगितले. म्हणजे अनुभवी माणूसही यातून सुटत नाही.

तरीही या पुराव्याला मर्यादा आहेत. वस्तूशी संबंधच नसलेला आकडा, उदाहरणार्थ स्वतःच्या ओळखक्रमांकातील शेवटचे अंक, मनात घोळवला तरी ग्राहक द्यायला तयार असलेली किंमत बदलते, असा निष्कर्ष २००३ मध्ये गाजला. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिल्यावर परिणाम बराच कमी आढळला. त्यामुळे काहीही मोठा आकडा दाखवला की काम झाले, असे समजू नये. वस्तूशी थेट संबंध असलेला, पटण्याजोगा आकडाच भरवशाचा असतो.

आपल्याकडे असा आकडा पाकिटावर छापलेलाच असतो: एमआरपी. याच कारणाने तो फुगवून छापण्याचा मोह होतो. १९९ ला विकायचे पाकीट ३५० एमआरपीचे दाखवून ‘४३ टक्के सूट’ लिहिणे सोपे आहे, पण ३५० ला ते कोठेच विकले जात नसेल तर ही दिशाभूल ठरते. वस्तू सामान्यतः कोणत्या किमतीला विकली जाते याबाबत लोकांची दिशाभूल करणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कायम चालणारी सूट स्वतःलाच मारक ठरते, कारण दुसऱ्या महिन्यापासून ग्राहकाच्या लेखी १९९ हीच मूळ किंमत होते आणि सूट काढली की भाववाढ केल्यासारखे वाटते. अमेरिकेतील जेसी पेनी या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपन आणि सततचे सेल बंद करून सरळ, पूर्ण आकड्यांच्या किमती लावल्या, तेव्हा तिची वार्षिक विक्री सुमारे १७.३ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर आली. अर्थात त्याच वर्षी दुकानांच्या मांडणीपासून मालापर्यंत बरेच काही बदलले होते, म्हणून ही घसरण केवळ किमतीच्या माथी मारणे योग्य नाही. सवय लावून मग ती मोडणे महागात पडते, इतकेच त्यातून घ्यावे.

मसाल्यासाठी प्रामाणिक मार्ग दोन आहेत. पाकिटावर एमआरपी २१० छापावी, जवळच्या किराणा दुकानदारांनी ते त्याच भावाने विकावे आणि आपण स्टॉलवर थेट १९९ ला द्यावे. मग २१० ही खरीखुरी तुलना असते. दुसरा मार्ग यादीच्या मांडणीचा आहे. इटामर सिमन्सन आणि ट्वर्स्की यांनी १९९२ मध्ये कॅमेऱ्यांच्या निवडीवर प्रयोग केला. सुमारे १७० आणि २४० डॉलरचे दोनच कॅमेरे समोर असताना निवड निम्मी-निम्मी झाली. ४७० डॉलरचा तिसरा कॅमेरा मांडल्यावर मधला निवडणारे ५७ टक्के झाले आणि स्वस्त निवडणारे २२ टक्क्यांवर आले. म्हणून भावफलकावर मसाल्यांचा ५९९ चा भेटसंच सर्वांत वर, त्याखाली बरणी आणि शेवटी पाकीट, अशी मांडणी करावी. तो संच खरोखर तयार हवा आणि मागितल्यास देता यायला हवा. असा संच फारसा खपला नाही तरी चालते. त्याचे निम्मे काम फलकावरच होते.

पाचवी पायरी: जे मोजता येईल तेवढेच मोजा

१९९ आणि २०० यांची चाचणी छोट्या विक्रेत्याने करू नये. ८ टक्क्यांचा फरक योगायोगापासून वेगळा ओळखण्यासाठी प्रत्येक भावाला किमान साडेबाराशे विक्री लागते, आणि खात्रीने ओळखायचा असेल तर त्याच्या सुमारे दुप्पट. महिन्याला १२० पाकिटांच्या गतीने यात वर्षे जातील. येथे दुसऱ्यांचा पुरावा मान्य करून १९९ लावावे.

१८५ विरुद्ध १९९ ही चाचणी मात्र शक्य आहे, कारण तेथे प्रश्न मोठा आहे: विक्री १२० वरून ९६ च्या खाली जाते का? एका महिन्याच्या विक्रीत योगायोगानेच दहा-अकरा पाकिटांचा चढउतार होतो, म्हणून एकेक महिना ताडून काही कळणार नाही. एक पंधरवडा १८५ आणि पुढचा १९९ अशी अदलाबदल चार महिने करावी, म्हणजे प्रत्येक भावाला दोन महिन्यांची विक्री हाती येते. १८५ ला २४० पाकिटे गेली आणि १९९ ला १९२ हून बरीच अधिक गेली, तर नवा भाव निःशंक ठेवावा. १९२ च्या आसपास गेली तर नफा तितकाच आणि कष्ट कमी, त्यामुळे तरीही १९९ च बरा. १७० च्या आत गेली तर परत फिरावे.

चाचणी करताना तीन ठिकाणी घोळ होतो. पहिले, एकसारख्या पाकीटबंद मालावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे एमआरपी २१० च ठेवून फक्त फलकावरचा विक्रीभाव बदलावा. दुसरे, दिवाळी किंवा लग्नसराईचा पंधरवडा एकाच भावाच्या वाट्याला आला तर सगळा हिशेब बिघडतो; असे पंधरवडे चाचणीतून वगळावेत. तिसरे, नेहमीच्या ग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटावर भाव सारखा वरखाली करू नये, कारण तेथे लोक स्वस्त पंधरवड्याची वाट पाहून साठा करतात. १८५ चा पंधरवडा सुरू होताच पहिल्या दोन-तीन दिवसांत विक्री उसळून नंतर ओसरत असेल, किंवा एकेक ग्राहक तीन-तीन पाकिटे उचलत असेल, तर हेच घडते आहे असे समजावे. अशा वेळी अदलाबदल थांबवून चाचणी फक्त नव्या ग्राहकांच्या स्टॉलपुरती ठेवावी आणि गटावर १९९ हा एकच भाव, पुढच्या नव्या मालापासून लागू, असे एकदाच कळवावे.